रेझिस्टर जुळले नाहीत तर सीएमआरआर येणार कुठून?

“एडी६२० वर पैसे घालवू नका. एलएम३२४ मधले तीन ऑप-ॲम्प आणि एक टक्क्याचे रेझिस्टर घेतले की तोच इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर तयार. सीएमआरआर चिपमध्ये असतो, रेझिस्टर फक्त गेन ठरवतात. ईसीजीत ५० हर्ट्झ दिसलाच तर गेन वाढवा. तरी राहिला तर एक पॉट लावून ट्रिम करा, विषय संपला.”

हा मेसेज माझ्या भाच्याने पाठवला, कारण त्याच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्ट ग्रुपने तो वाचून रेझिस्टर आणूनही ठेवलेत. सीएमआरआर म्हणजे दोन्ही इनपुटवर सारखाच येणारा, कॉमन-मोड सिग्नल ॲम्प्लिफायर किती दाबतो त्याचं माप; ईसीजीत तो सिग्नल म्हणजे मेन्सचा ५० हर्ट्झ. म्हणून आधी चिपमधल्या सीएमआरआरचं बघू, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे.

शेवटचा ऑप-ॲम्प, म्हणजे डिफरन्स ॲम्प्लिफायर, घ्या. चार रेझिस्टर, सगळे १० किलो-ओहमचे, गेन १. ऑप-ॲम्प अगदी आदर्श आहे असं धरा, त्याचा स्वतःचा सीएमआरआर अनंत. आता फक्त फीडबॅकचा एक रेझिस्टर १०.१ किलो-ओहमचा निघाला. दोन्ही इनपुटना एकच १ व्होल्ट द्या. प्लस पिनवर निम्मे, ०.५ व्होल्ट येतात. आउटपुट होतं ०.५ × २.०१ − १.०१ × १, म्हणजे −५ मिलिव्होल्ट. खरं तर तिथे शून्य हवं होतं. एकच रेझिस्टर एक टक्का सरकला आणि सीएमआरआर २०० पट, ४६ डेसिबलवर आला. चारही रेझिस्टर वाईट दिशेने सरकले तर ५ च्या जागी २० मिलिव्होल्ट, म्हणजे ३४ डेसिबल. चिपच्या डेटाशीटवरचा आकडा फक्त चिपपुरता असतो. सर्किटचा आकडा या चौघांच्या गुणोत्तरावर ठरतो: एका बाजूच्या दोघांचं गुणोत्तर दुसऱ्या बाजूच्या दोघांइतकंच हवं. चारही मिळून एक टक्का जास्त असले तरी काही बिघडत नाही.

मेसेजमधलं अर्धसत्य मान्य करतो. सुरुवातीच्या दोन ऑप-ॲम्पच्या मधला आरजी रेझिस्टर खरोखर फक्त गेन ठरवतो. दोन्ही इनपुट सारखेच हलले की त्याच्या दोन्ही टोकांना तेच व्होल्टेज असतं, त्यातून करंट वाहत नाही आणि कॉमन-मोड गेन १ वरच राहतो. त्यामुळे तिथला एक टक्का चालतो.

याच कारणाने ‘गेन वाढवा’ हे पटतं. पहिल्या टप्प्याचा गेन १०० केला की सीएमआरआर १०० पट वाढतो, हे खरं. पण आउटपुटवरचा कॉमन-मोड मिलिव्होल्टमध्ये तेवढाच राहतो, फक्त सिग्नल मोठा होतो. आणि ईसीजीत तो गेन मिळतच नाही! त्वचेवरच्या इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. तो १०० पट केला तर ३० व्होल्ट, ९ व्होल्टच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर रेलला चिकटून बसेल आणि पडद्यावर सरळ रेघ दिसेल. म्हणूनच एडी६२० च्या डेटाशीटमधल्या ईसीजी सर्किटमध्ये पहिल्या टप्प्याला गेन ७ आहे, बाकीचा गेन डीसी काढल्यावर. `G = 1 + 49.4k/Rg`, आरजी ८.२५ किलो-ओहम.

आता गेन ७ वर एक टक्क्याचे रेझिस्टर लावा. सीएमआरआर वाईटात वाईट ७ × ५०, म्हणजे ३५० पट. अंगावर ५० हर्ट्झचे १०० मिलिव्होल्ट असतील, तर इनपुटला जवळपास ०.३ मिलिव्होल्ट खोटा सिग्नल. हृदयाच्या ठोक्याचं शिखर साधारण १ मिलिव्होल्टचं असतं. तेवढ्या खोट्या सिग्नलमध्ये शिखराआधीची बारीक पी-लाट सापडणारच नाही. एकाच रीलचे रेझिस्टर बरेचदा छापील टॉलरन्सपेक्षा चांगले जुळतात, पण ती हमी नाही.

पॉटबद्दल एवढंच की ते त्या दिवशीच्या तापमानाला जुळवलेलं असतं. रेझिस्टरांचं तापमान-गुणांक वेगळं असलं की गुणोत्तर पुन्हा सरकतं. एडी६२० मधले रेझिस्टर एकाच सिलिकॉनवर असतात, एकत्र तापतात आणि लेझरने ट्रिम केलेले असतात. पैसे त्याचे आहेत.

तपासायचं असेल तर दोन्ही इनपुट एकत्र जोडा, फंक्शन जनरेटरमधून ५० हर्ट्झचा १ व्होल्ट द्या आणि आउटपुट स्कोपवर बघा. मग एका रेझिस्टरजवळ गरम सोल्डरिंग आयर्न न टेकवता धरा. आकडा हलताना दिसेल.

ही तपासणी माणसावरची नसून बेंचवरची आहे, हे लक्षात ठेवा. माणसाला जोडताना सर्किट बॅटरीवर चालवा, चार्जरला लावलेला लॅपटॉप किंवा मेन्सवरचा स्कोप त्याला जोडू नका. आणि एडी६२० घेतला तरी दोन इलेक्ट्रोडचा संपर्क असमान असेल तर कॉमन-मोड चिपपर्यंत पोचण्याआधीच डिफरन्शियल होतो. त्यावर उजव्या पायाचा ड्राइव्ह, म्हणजे कॉमन-मोड उलटा करून पायाच्या इलेक्ट्रोडमधून शरीराला परत देणारं सर्किट, लागतो, रेझिस्टर कितीही जुळवले तरी.