डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

बडोद्याच्या जुन्या बाजारात घाऊक दुकानाचा पत्ता विचारा, फोनवर उत्तर ठरलेलं: ‘मांडवीवरून डावीकडे, बस, सामे ज छे!’ अहो, पण डावीकडे कुणाच्या? मांडवी म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभी इमारत; तिला चारही बाजूंनी कमानी, आणि तिथून चार दिशांना शहराचे चार दरवाजे. लहेरीपुऱ्याकडून आलो तर डावीकडे चांपानेर दरवाजा. पाणीगेटकडून आलो तर तीच डावी बाजू गेंडीगेटला नेते! मग काय, बांगड्यांच्या दोन खोक्यांसाठी भर उन्हात अख्खं शहर पालथं घालायचं? वर खूण काय, तर ‘चहाच्या टपरीसमोर’. टपरी नाही अशी एक गल्ली दाखवा! दुकानाची पाटी? ती लटकवलेल्या मालामागे. कुठल्या दरवाजातून शिरायचं, एवढं आधी सांगायला यांना पैसे पडतात का?