गाळा घेण्याआधी दहा डबे विकून बघा

घरगुती डब्यांचा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की नाशिकमध्ये आधी गाळा शोधतात, मग मोठी शेगडी, मग फ्लेक्स. गिऱ्हाईक शेवटी. हा क्रम उलटा करा, असं माझं ठाम मत आहे. आधी दोन आठवडे, सोमवार ते शनिवार, दिवसाला फक्त दहा डबे द्या. घरचीच भांडी वापरा. डबे विकत घेऊ नका. एक डबा गिऱ्हाइकाकडे असतो तेव्हा दुसरा भरावा लागतो, म्हणून दहा जणांना वीस लागतात. चाचणीपुरते गिऱ्हाइकालाच त्याचे दोन डबे द्यायला सांगा. अन्न विकायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेकडे नोंदणी मात्र चाचणीआधीच करून घ्या.

पहिला डबा भरण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. दुसऱ्या आठवड्यात अनोळखी लोकांचे रोज किमान सात डबे. पहिल्या आठवड्यातल्या दहापैकी सहा जणांनी पुढच्या आठवड्याचे पैसे आगाऊ देणं. आणि खर्च वजा जाता आपल्या कष्टाच्या तासाला सत्तर रुपये. आकडे तुमचे वेगळे असतील, पण ते आधी ठरलेले हवेत. नाहीतर शेवटच्या दिवशी "पाच डबे म्हणजे तसं बरंच की" असं मन म्हणतंच.

मावशी, शेजारी, जुने सहकारी यांचे डबे मोजू नका; ते प्रेमापोटी घेतात आणि महिन्याभरात थांबतात. "सुरुवातीला स्वस्त" हाही घोळच. साठला घेणारा ऐंशीला घेईल की नाही, हे त्यातून कळत नाही. पहिल्या दिवसापासून खरा दर लावा.

आता हिशेब. समजा डबा ऐंशीचा: चार पोळ्या, भाजी, वरण-भात. किराणा-भाजीला ३८, गॅसला ५, पेट्रोलला ७ रुपये. उरले ३०, दहा डब्यांचे ३००. बाजार, स्वयंपाक, पोहोचवणं, घासणं मिळून पाच तास गेले. म्हणजे तासाला साठ. ठरवलेल्या सत्तरला हे कमी पडलं. बहुतेक जण स्वतःचे तास धरतच नाहीत, म्हणून ३०० हा त्यांना नफा वाटतो.

इथे लगेच सोडूही नका आणि दरही वाढवू नका. वेळ कुठे गेला ते पाहा. अर्धे डबे अंबडला आणि अर्धे गंगापूर रोडला जात असतील तर एक तास नुसत्या गाडीवर जातो. फक्त अंबड धरलं आणि पोहोचवणं अर्ध्या तासावर आलं, पेट्रोल डब्यामागे तीनवर आलं, तर साडेचार तासांत ३४० उरतात. तासाला साधारण पंचाहत्तर. मात्र बदल एकच करा आणि पुन्हा दोन आठवडे मोजा. दर, भाजी आणि भाग एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

दिवाळीचा किंवा परीक्षा संपल्यानंतरचा पंधरवडा टाळा. वसतिगृहं रिकामी, कारखान्यांना सुट्ट्या. तेव्हाचा आकडा तुमच्या डब्याबद्दल काहीच सांगत नाही.

आगाऊ पैसे देणारे सहाऐवजी तीनच निघाले, तर न आलेल्या प्रत्येकाला फोन करून एवढंच विचारा: "आता दुपारी काय जेवता?" चव कशी होती हे विचारलंत तर सगळे छानच म्हणतात. कॅन्टीनमध्ये कमी पैशांत भागत असेल, तर त्या भागात ऐंशीचा डबा चालणार नाही. गाळ्याची अनामत भरू नका.