पावसाळ्यात इंटरनेट बंद पडू नये म्हणून काही घरगुती उपाय

सोलापूरकरांनो, आपल्याकडे पाऊस तो किती, आणि त्याचं कौतुक किती! पण पहिली जोरदार सर आली की ब्रॉडबँड जाणारच, तेव्हा तयारी आधीच ठेवा. परवा जुळे सोलापुरात संध्याकाळी सर आली, आमचं नेट गेलं आणि मुलीचा प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म शेवटच्या दिवशी शेजारच्या काकूंच्या हॉटस्पॉटवर भरला. त्या अनुभवाच्या जोरावर हे सल्ले देतोय. फुकट आहेत, घ्या.

सर्वात आधी राउटर बंद करून चालू करा. मग पुन्हा करा. डब्यावर LOS लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून फायबरमधला प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये आणि राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलू नका. कस्टमर केअरच्या ताईंना वाईट वाटतं.

घराबाहेर पडून वर बघू नका.

बघितलंच, तर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला तो काळा डबा दिसेल. आत आपल्या गल्लीचा स्प्लिटर असतो, म्हणजे एक फायबर आत येते आणि तिचा प्रकाश सात-आठ घरांत वाटला जातो. आमच्या डब्याचं झाकण एका बाजूनं वायरनं बांधलंय, दुसरी बाजू मोकळी. केबल घुसवायची भोकं डब्याच्या तळाला असायला हवीत, ती आहेत माथ्यावर. वरून उतरणारी केबल सरळ त्या भोकात जाते, म्हणून पावसाचं पाणीही तिच्यावरून ओघळत सरळ आत. केबल आधी डब्याच्या खाली झोल देऊन मग वर चढवली, तर पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. डिश टीव्हीवाल्या पोरालासुद्धा हे कळतं. भोक बंद करायला रबरी ग्लँड मिळते. आमच्या डब्यात ग्लँडच्या जागी दुधाची पिशवी कोंबलीय, वर सेलोटेप. पहिल्या उन्हात सेलोटेप सुटते, पिशवी उरते आणि पाणी साठवायला उपयोगी पडते!

फायबर काचेची असते आणि काच पाण्यानं बिघडत नाही, हे मान्य. पण कनेक्टरच्या तोंडाशी ओलावा आणि धूळ बसली की प्रकाश तिथेच अडतो. लाइनमननं प्रकाश मोजायचा मीटर लावला तेव्हा आकडा होता उणे 29 dBm. उन्हाळ्यात जोडणी केली तेव्हा त्याच वायरवर उणे 22 होता. फरक साताचाच वाटतो ना? दर 3 आकड्यांना प्रकाश निम्मा होतो. सात म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा उरला. घरातलं यंत्र साधारण उणे 27 पर्यंतच वाचू शकतं, त्याच्या खाली लाल दिवा. आणि उणे 26 वर असाल तर आणखी मजा, कारण दिवा हिरवाच राहतो, नेट मात्र रेंगाळतं, मधूनच तुटतं आणि तुम्ही वायफायला शिव्या देत बसता.

कडुनिंबाच्या फांद्यांवरून केबल टाकलेली असेल, तर झाडाला नमस्कार करा.

तक्रार केलीत तर धीर धरा. उद्या कडक ऊन पडेल (आपल्याकडे त्याची कमी नाही), डबा आपोआप वाळेल, दिवा हिरवा होईल आणि "आपली तक्रार निवारण झाली आहे" असा मेसेज येईल. पुढच्या सरीला पुन्हा तोच खेळ, नवा तक्रार क्रमांक. मागचा क्रमांक सांगितला की म्हणतात, "ती तर क्लोज झाली ना सर." कोणी क्लोज केली? सूर्यानं?

लाइनमनवर ओरडू नका, असंही म्हणणार होतो. ते खरंच म्हणतोय. तो बिचारा ओल्या शिडीवर, विजेच्या तारांच्या शेजारी चढतो. "मालक, डबा बदला म्हणून मी दोनदा वर सांगितलंय," एवढंच तो म्हणाला. वर म्हणजे कुठे, ते खांबावरच्या डब्याला ठाऊक.

आता मात्र उपाय बंद. पैसे आगाऊ घेता ना? मग काम नीट करा. डबा उलटा बसवलाय, तो सरळ करा. भोकं खाली घ्या, केबलला झोल द्या, ग्लँड बसवा, कनेक्टर पुसा. फांदीला बांधलेली केबल सोडवा, ओल्या फांदीच्या ओझ्यानं ती जिथे मुडपते तिथेच प्रकाश गळतो. तक्रार बंद करायच्या आधी ग्राहकाला मीटरवरचा आकडा दाखवा आणि त्याच्या मोबाइलवर पाठवा. हे सगळं मे महिन्यात करा. पाऊस सुरू झाल्यावर शिडी घेऊन आमच्या दारात येऊ नका.