घड्याळात 21.45 आले म्हणून रस्ता लांब होत नाही

"आयोजक नेहमी जास्त पळवतात. घड्याळ थेट उपग्रहावरून मोजतं, म्हणून अंतर घड्याळाचंच खरं. बोगद्यात आणि ट्रॅकवरही तेच बघा. घड्याळात 21.1 झाले तेव्हाची वेळ हीच तुमची हाफ मॅरेथॉनची वेळ, आणि पेसही घड्याळ सांगेल तोच ठेवा."

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, म्हणजे माझे दोन तास झालेच होते!" नव्हते झाले. ती पहिल्यापासून याच हिशेबाने पळाली आणि दोन मिनिटांनी हुकली, म्हणून मला राग आहे.

आधी रस्ता कसा मोजतात ते बघा. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या पद्धतीत सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात. स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल आधी अनेकदा चालवून काउंटर तपासून घेतात. मग वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटर राखून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने सगळा रस्ता मोजतात. अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे 1 मीटर मुद्दाम जास्त धरतात. म्हणजे हाफमध्ये जेमतेम 21 मीटर. बहिणीच्या घड्याळात 21.45 आले, त्यातले जादा साडेतीनशे मीटर यातून येत नाहीत.

ते येतात उंच इमारतींमधून. लोअर परळसारख्या भागात उपग्रहाचा सिग्नल काचेच्या भिंतीवर आपटून मनगटापर्यंत येतो. तो लांबच्या वाटेने आलेला असतो, त्यामुळे घड्याळाला तुम्ही भलत्याच जागी दिसता, कधी समोरच्या इमारतीत तर कधी मागच्या गल्लीत. घड्याळ हे ठिपके जोडत जातं. तुम्ही सरळ पळालात तरी जोडलेली रेघ नागमोडी होते, आणि सरळ रस्त्यावर नागमोडी रेघ लांबच भरणार. पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी 2016 च्या शोधनिबंधात हेच गणिताने दाखवलं: जीपीएसच्या ठिपक्यांतली चूक दोन्ही बाजूंना सारखी असली, तरी त्यावरून काढलेलं अंतर सरासरीने जास्तच येतं. म्हणून शर्यतीनंतर सगळ्यांच्या घड्याळात जास्त दिसतं, आणि "सगळ्यांचं कसं चुकेल?" हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. दोन फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या नव्या घड्याळांत ही चूक बरीच कमी होते, पण जात नाही. उरलेलं थोडं अंतर गर्दीत डावीउजवीकडे केल्याने तुम्ही स्वतः वाढवता.

आता खरं नुकसान बघा. दोन तासांत हाफ करायची तर किलोमीटरला 5:41 चा पेस लागतो. बहिणीने घड्याळात तोच धरला आणि शेवटी घड्याळात अंतर आलं 21.45. 21.45 किलोमीटर 5:41 ने म्हणजे 2 तास 2 मिनिटं. घड्याळ तिला वेळेत असल्याचं सांगत होतं आणि दर किलोमीटरला ती पाच-सहा सेकंद मागे पडत होती. घड्याळात 5:35 दिसला असता, तर ती खऱ्या 5:41 ने पळत असती.

यावर उपाय सोपा आहे. ऑटो लॅप बंद करायचा आणि रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटर बोर्डाशी लॅपचं बटण स्वतः दाबायचं. मग वेळ घड्याळाची आणि अंतर सायकलने मोजलेलं. त्या क्षणाचा पेस दाखवणारा आकडा इमारतींमध्ये बघूच नका, तो पाच मिनिटं आणि सात मिनिटं यांच्यामध्ये उड्या मारतो. सी लिंकसारख्या मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर, अख्ख्या किलोमीटरची सरासरी मात्र खुशाल धरा.

बोगद्यात सिग्नलच नसतो. काही घड्याळं हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतात, काही आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा ठिपका सरळ रेषेने जोडतात. बाहेर आल्यावर दिसणारा अचाट पेस तिथूनच येतो.

ट्रॅकवर पहिल्या लेनची फेरी 400 मीटर असते, दुसरीची सुमारे 407. वळणावर घड्याळ कधी कोपरा कापतं, कधी रेघ बाहेर फेकतं. ट्रॅक मोड असेल तर लेन बरोबर निवडा. नसेल तर पहिल्या लेनमध्ये, रेषेवर लॅप दाबून फेरीच्या सेकंदांना अडीचने गुणा: 132 सेकंदांची फेरी म्हणजे 330, म्हणजे 5:30 चा पेस.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. रस्ता कधीकधी खरंच चुकतो. 2021 ची ब्रायटन मॅरेथॉन 568 मीटर जास्त भरली होती आणि आयोजकांनी ते कबूल केलं. आपल्याकडच्या कित्येक गावोगावच्या शर्यती तर अशा रीतीने मोजलेल्याच नसतात. तिथे शंका जरूर घ्या, पण आधी आयोजकांना विचारा की रस्ता कोणी आणि कशाने मोजला. "गाडीने" किंवा "घड्याळाने" असं उत्तर आलं, तर त्या दिवशीची तुमची वेळ कोणत्याच अंतराला लावता येणार नाही, 21.1 लाही नाही.