गाव लहान म्हणून ‘ॲट’ लावू नका

“मोठ्या शहराला इन, लहान गावाला ॲट. मोठ्या काळाला इन, छोट्या वेळेला ॲट. वार-तारखेला ऑन. लेकरांकडून एवढं पाठ करून घ्या, मार्क कुठं जात नाहीत.”

इंग्रजीतल्या इन, ॲट, ऑनसाठी असा सल्ला दिला जातो. त्यातलं वार-तारखेचं बरोबर आहे. बाकी सगळं लहान-मोठ्यावर टाकलंय, आणि मार्क तिथंच जातात.

आधी गावाचं बघू. आजी औशात राहते, तर ‘माय ग्रँडमदर लिव्ह्ज इन औसा’ असंच लिहायचं. औसा लातूरपेक्षा लहान आहे खरं, पण आजी गावाच्या आत राहते ना? मग इन. चार घरांची वाडी असली तरी इनच. उलट देवगिरी एक्सप्रेस जालन्याला थांबते, ते वाक्य ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट जालना’ असं होतं. जालना जिल्ह्याचं ठिकाण, तरी ॲट, कारण गाडीच्या वाटेवरचा तो फक्त एक थांबा आहे. त्याच जालन्यात मामा राहत असेल तर पुन्हा इन. म्हणजे गाव तेच, फरक वाक्यात काय चाललंय त्याचा. लहान गावाला ॲट हे जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत छापलेलं आहे, म्हणून अजून शिकवलं जातं. आज राहण्याच्या वाक्यात ते चालत नाही.

वाहनांत तर आकाराचा काहीच उपयोग नाही. एसटी मोठी, तिला ऑन. कार लहान, तिला इन. मोटारसायकल त्याहून लहान, तिला परत ऑन. जिच्यात उठून चालता येतं त्या बस-रेल्वेला ऑन, वाकून आत बसावं लागतं त्या कार-रिक्षाला इन, आणि जिच्यावर स्वार होतो तिला ऑन.

आता वेळ. रात्र काही सकाळपेक्षा छोटी नसते, तरी ‘ॲट नाइट’ आणि ‘इन द मॉर्निंग’. हे दोन तसेच लक्षात ठेवावे लागतात. खरी गफलत पुढं होते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं वाक्य घ्या. मुक्ती 1948 साली, म्हणून ‘इन 1948’. महिना सप्टेंबर, ‘इन सप्टेंबर’. पण 17 तारीख आली की ‘ऑन 17 सप्टेंबर 1948’. महिना आणि साल सोबत असूनही ऑन, कारण तारीख आली की तिचंच चालतं. झेंडावंदन सात वाजता, तर ‘ॲट सेव्हन ओ’क्लॉक’. सकाळी, तर ‘इन द मॉर्निंग’. आणि ‘सतरा सप्टेंबरच्या सकाळी’ म्हणायचं असेल तर? ‘ऑन द मॉर्निंग ऑफ 17 सप्टेंबर’. ‘सोमवारी सकाळी’ हेही ‘ऑन मंडे मॉर्निंग’. सकाळ दिसली की लेकरं डोळे झाकून इन लिहितात. सकाळीला वार किंवा तारीख चिकटली आहे का, ते आधी बघायला सांगा.

आणि रिकाम्या जागेपुढं ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट मंडे’ किंवा ‘एव्हरी मंडे’ असेल, तर तिन्हींतलं काहीच लागत नाही.