एकनाड आहे, क्षमस्व

परवा एक स्थळ परत आलं. मुलगा 57 वर्षांचा, विधुर. मुलगी 52 वर्षांची, घटस्फोटित, लेकीचं लग्न होऊन गेलेलं. (पुनर्विवाहाच्या बाजारात पन्नाशीतही मुलगा-मुलगीच म्हणतात.) दोघं दोनदा भेटली होती, बोलणं पुढे सरकलं होतं, आणि मग मुलाच्या मोठ्या बहिणीकडून निरोप आला: ‘एकनाड आहे, क्षमस्व.’ म्हणजे पत्रिकेत दोघांची नाडी एकच, म्हणून नकार.

तेव्हा दुसऱ्या लग्नाच्या पत्रिका जुळवणाऱ्या समस्त मंडळींसाठी हे थोडं मार्गदर्शन. एवढं नीट पाळलंत तर सहसा कुणाचं दुसरं लग्न होणार नाही.

पहिली गोष्ट, कोष्टक पहिल्या लग्नाचंच वापरा. गुणमेलन म्हणजे दोघांची जन्मनक्षत्रं आणि चरण, बस. पंचांग उघडायचं, आडव्या रांगेत एकाचं नक्षत्र, उभ्या रांगेत दुसऱ्याचं, आणि चौकोनातला आकडा वाचायचा. त्या चौकोनाला वय कळत नाही, मुलं कळत नाहीत, आधीचं लग्न का मोडलं तेही कळत नाही. ही त्याची मर्यादा आहे असं कुणी म्हणालं तर त्याला नास्तिक म्हणा.

पहिल्या लग्नाच्या वेळी किती गुण जुळले होते, हे मात्र चुकूनही विचारू नका.

आता नाडी. परत आलेलं हेच स्थळ घेऊ. मुलाचं नक्षत्र हस्त, रास कन्या. मुलीचं आर्द्रा, रास मिथुन. वर्णाचा 1 पैकी 1. वश्याचे 2 पैकी 2. तारा एका बाजूने शुभ, दुसऱ्या बाजूने अशुभ, म्हणून 3 पैकी दीड. योनी म्हैस आणि श्वान, 4 पैकी 2. दोन्ही राशींचा स्वामी बुध, म्हणून ग्रहमैत्रीचे 5 पैकी 5. देवगण आणि मनुष्यगण, 6 पैकी 6 (काही पंचांगं इथे 5 देतात, देऊ देत). राशी एकमेकींपासून चौथी-दहावी, म्हणून भकूटाचे 7 पैकी 7. नाडी दोघांची आद्य, 8 पैकी शून्य. बेरीज 36 पैकी साडेचोवीस. ‘18 गुण पुरे’ असं तुम्हीच म्हणता, आणि हे साडेचोवीस असून नकार!

नाडीला 8 गुण कशासाठी? तुमच्याच गुरुजींना विचारा, पहिलं उत्तर ‘संतती’ असंच येईल. मुलगी 52 वर्षांची आहे. मुलाला दोन मुलगे आहेत, थोरल्याला नोकरी लागून सहा वर्षं झाली. संतती म्हणजे नेमकी कोणाची? जो प्रश्न या दोघांपुढे उरलेलाच नाही, त्याचे गुण बेरजेतून वजा करायचे, की एकूणातून? एकूणातून काढलेत तर साडेचोवीस हे 28 पैकी होतात, आणि 28 पैकी साडेचोवीस पंचविशीतल्या जोडप्यांनासुद्धा सहज मिळत नाहीत. पण नाही. शून्य दिसलं की पत्रिका मिटली. सत्तावीस नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ, म्हणजे ढोबळमानाने दर तीन स्थळांतलं एक एकनाड निघणारच. आधीच मोजकी स्थळं, त्यातला तिसरा हिस्सा तुम्ही संततीच्या नावाने फेकता, तेही नातवंडं खेळवायच्या वयात! आणि ज्या पंचांगात नाडीदोष छापलेला असतो, त्यात त्याचे अपवादही बहुधा दिलेले असतात. पण तिथपर्यंत वाचायला चष्मा लागतो.

शांत होऊन पुढचा मुद्दा.

जन्मवेळ नसेल तर नावावरून जुळवा. लग्नात नाव बदललेलं असेल तर तेच धरा. म्हणजे पहिल्या सासरने ठेवलेल्या अक्षरावरून दुसऱ्या नवऱ्याशी गुण जुळतील. शास्त्रशुद्ध.

दुसरं लग्न कोणत्या स्थानावरून बघायचं, यावर एकमत नाही, हे तुमच्या फायद्याचं आहे. कुणी दुसरं स्थान बघतो, कारण ते सप्तमापासून, म्हणजे लग्नाच्या सातव्या स्थानापासून आठवं, म्हणजे पहिल्या लग्नाच्या अंतानंतरचं. कुणी नववं, कारण ते सप्तमापासून तिसरं, म्हणजे जणू पहिल्या लग्नाचं धाकटं भावंड. आधी नकार ठरवा, मग ज्या स्थानात शनी किंवा राहू सापडेल ते स्थान खरं माना.

मंगळ विधवेचा पाहा, विधुराचा पाहू नका. तिचा नवरा गेला तर तिच्या पत्रिकेत दोष, त्याची बायको गेली तर बिचाऱ्याचं नशीब. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की झालं. बारातली पाच स्थानं, म्हणजे नुसत्या लग्नराशीपासून मोजलं तरी शंभरातल्या चाळीसेक लोकांना मंगळ. चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजलंत तर पाचातल्या चौघांना लागेल, इतकं सोपं आहे. एरवी हेच गुरुजी ‘अठ्ठाविशीनंतर मंगळाचा जोर ओसरतो’ म्हणून पंचविशीतल्या मुलीच्या बापाला थांबायला सांगतात. समोर 41 वर्षांची विधवा आली की मंगळ पुन्हा तरुण होतो. लाज वाटत नाही का हो? ती बाई हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवत नवऱ्याशेजारी उभी होती, आणि तुम्ही तिला सांगता की तो तुझ्या आठव्या स्थानामुळे गेला?

उपरोध पुरे. ज्यांना पत्रिका बघायची त्यांनी जरूर बघावी. पण मुलं होण्याचं वय उलटलं असेल तर नाडी बाजूला ठेवा, मंगळ बघायचाच तर दोघांचा बघा, आणि तेवढाच वेळ कागदांना द्या. घटस्फोट म्हणजे ‘वेगळे राहतो’ नव्हे. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. तो लढून किंवा एकतर्फी मिळालेला असेल तर अपिलाची 90 दिवसांची मुदत संपली का आणि अपील दाखल आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. मुलं कोणाकडे राहतात, त्यांचा खर्च कोण देतं, हेही त्याच हुकूमनाम्यात किंवा तडजोडीच्या अटींत सापडेल. विधवेला नवऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर केंद्राच्या नियमांत ते पुनर्विवाहानंतर सहसा बंद होतं, निपुत्रिक विधवेला अटींवर सवलत आहे. तिचा महिन्याचा हक्काचा पैसा जाणार असेल तर त्याचं काय, हे साखरपुड्याआधी बोलायचं, नंतर नाही.

आणि घर. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको आणि मुलं सारखी वाटेकरी. दोन मुलगे आणि दुसरी बायको असेल तर तिचा तिसरा हिस्सा, त्याची आई हयात असेल तर चौथा. तिच्या पहिल्या लग्नाच्या लेकीला त्याच्याकडून वारसाहक्काने काहीच नाही. मोठ्या बहिणीला नाडी का आठवली, थोरला मुलगा आत्याला कशासाठी फोन करत होता, हे या हिशेबातून कळतं. भीती फ्लॅटची आहे. मग तसं सांगा ना! मृत्युपत्र करा, फ्लॅट मुलांना आणि तिला हयातभर राहण्याचा हक्क असं लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, जमलं तर नोंदवा. एका दुपारचं काम आहे. ते करायचं सोडून 52 वर्षांच्या बाईला एकनाडीचा निरोप कसले पाठवता?