चौथी ओळ

साध्या शब्दकोड्यात एक मोठी सोय असते. एखादा शब्द सुचला नाही तर त्याला ओलांडून पुढे जाता येतं. आजूबाजूचे उभे-आडवे शब्द भरले की तो अडलेला शब्द आपोआप निम्मा भरून मिळतो आणि आपण 'हे तर मला येतच होतं' असा चेहरा करून उरलेला निम्मा लिहितो. शब्दांच्या पिरॅमिडमध्ये हा चेहरा करायची संधी मिळत नाही. वर एक चौकोन, खाली दोन, त्याखाली तीन, असं करत पाच. नियम एका वाक्याचा: वरच्या ओळीतली सगळी अक्षरं खाली घ्यायची, त्यांत एक नवं मिळवायचं आणि क्रम बदलून नवा शब्द करायचा. एक ओळ अडली की खालचं सगळंच अडल्यासारखं वाटतं.

रविवारच्या पुरवणीत आलेल्या पिरॅमिडच्या शेंड्यावर 'र' छापून दिलेला होता. एवढंच त्यांनी फुकट दिलं. दुसऱ्या ओळीची हिंट होती 'सरकारला द्यावा लागतो'. हा 'कर', यात काही विशेष नाही. तिसरी होती 'अंकी आणि अक्षरी लिहावी लागते'. बँकेत ज्याने एकदा तरी स्लिप फाडून पुन्हा भरली आहे त्याला 'रक्कम' सुचायला वेळ लागत नाही, आणि इथे तिचं जोडाक्षर नसलेलं रूप 'रकम' बसतं. कर, रकम. मी पेन उचललं, पेन्सिल बाजूला ठेवली. बायकोने ते बघितलं आणि काही बोलली नाही, जे तिच्या बाबतीत बोलण्यापेक्षा वाईट.

चौथ्या ओळीची हिंट एका शब्दाची होती: 'रत्न'.

आता रत्नं मोजकी नऊ. मी बोटांवर सुरू केलं. माणिक, मोती, पोवळे, पाचू, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या. दोन अक्षरी, तीन अक्षरी, सगळी तोकडी पडत होती. आणि नववा पुष्कराज! पु, ष्क, रा, ज. चार चौकोन, चार अक्षरं, शिवाय आत 'क' आहे, 'र' आहे. मी लिहिणारच होतो, इतक्यात मुलगी खांद्यावरून वाकली.

"बाबा, 'म' कुठाय यात?"

"'म' नसला तर काय झालं? क आणि र आहेत ना."

"तेही नाहीत. 'ष्क' म्हणजे 'क' नाही आणि 'रा' म्हणजे 'र' नाही."

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठी पिरॅमिडमधली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून होतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे अक्षराला कायमचे चिकटलेले मानायचे. 'त' हा 'त'च राहतो, खालच्या ओळीत जाताना त्याला काना फुटत नाही. जोडाक्षरही अखंड, त्याचा अर्धा तुकडा मोडून वापरायचा नाही. काही जण हा नियम सैल करतात आणि फक्त व्यंजनं मोजतात, काना-मात्रा ज्याला जशा हव्यात तशा. पण मग क, म, र या तीन अक्षरांतून कुमारही होतो, रिकामाही होतो, आणि कोडं घालणाऱ्याच्या मनात यातला नक्की कोण आहे हे त्याचं त्यालाच माहीत. माझ्या मते सैल नियम हा कोडं घालणाऱ्याच्या सोयीचा असतो, सोडवणाऱ्याच्या नव्हे. अर्थात पुष्कराज मनात आला त्या क्षणी मी सैल पंथाचा होतो, हेही खरं.

तर र, क, म आणि एक अज्ञात अक्षर. चार वेगळ्या अक्षरांच्या रचना होतात 24. पण चौथं अक्षरच माहीत नाही. बाराखडीतलं कुठलंही अक्षर घ्या, त्याच्या 24 रचना कागदावर मांडा आणि मोठ्याने वाचा. मी 'च' घेऊन सुरुवात केली. चकमर, मरचक, कमरच. शेवटचा ऐकून सासरेबुवा आतल्या खोलीतून खूश झाले. "कमरच! म्हणजे दुखते ती कमरच, गुडघा नव्हे. बसतंय की!"

त्यांची ही पद्धत फार जुनी आहे. कुठल्याही शब्दाला शेवटी 'च' लावायचा, एक चौकोन भरतो. करच, रकमच. त्यांच्या हिशोबाने पिरॅमिड कितीही खोल नेता येतो. क्रम बदलायचा असतो हे सांगितलं की ते म्हणतात, "बदल मग, 'च' पुढे घे." हिंट रत्नाची आहे, दुखण्याची नव्हे, हे सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही.

अडलेल्या ओळीवर डोकं आपटत बसण्यात अर्थ नसतो. तिला खालून गाठायचं. खालच्या ओळीत अक्षरं जास्त, म्हणून ती अवघड वाटते, प्रत्यक्षात बहुधा तीच सोपी जाते. लांब शब्द मुळातच कमी असतात आणि त्यांची हिंट सरळ असते. पाचव्या ओळीची हिंट होती 'तुटवडा'. मी अर्थाने मिळतेजुळते शब्द काढत गेलो: टंचाई, उणीव, अभाव, वानवा, चणचण. पाच अक्षरी एकही नाही, आणि र, क, म तर कशातच नाहीत. मग बायको, जी इतका वेळ मोबाइलमध्ये होती, मान वर न करता म्हणाली, "कमतरता."

क, म, त, र, ता. पाच अक्षरं, आणि आमचे तिघेही आत हजर. मी तिच्याकडे बघितलं. "मी कधीची म्हणतेय," ती म्हणाली. ती कधीची वगैरे काही म्हणत नव्हती, पण कोडं सुटत असताना असले मुद्दे काढायचे नसतात.

तळ मिळाला की वरची ओळ म्हणजे तळातून एक अक्षर वजा. पाचांतलं कुठलं काढायचं एवढाच प्रश्न. घरात एकदम उत्साह संचारला, कारण वजाबाकी सगळ्यांना येते.

"म काढा!" मुलगी म्हणाली. "क, र, ता, त. करतात!"

"क काढ," सासरे म्हणाले. "मरतात."

"अहो बाबा, शुभ बोला. रमतात," बायको म्हणाली.

करतात, मरतात, रमतात. तिन्ही शब्द चोख, तिन्ही त्याच पाच अक्षरांतले, एकही रत्न नव्हे. माणसाच्या आयुष्याचा गोषवारा झाला, चौथी ओळ तशीच. पण यात एक शिकण्यासारखी गोष्ट होती. पिरॅमिडमध्ये नुसता शब्द तयार होणं हा पुरावा धरायचा नाही. मराठीत 'तात'ने संपणारी क्रियापदं इतकी आहेत की 'त' आणि 'ता' जवळ आले की शब्द कुठूनही उगवतो. पुरावा म्हणजे तो वरच्या ओळीशीही जुळणं. वर 'रकम' आहे, म्हणजे र, क, म यांना हात लावायचा नाही. मग काढण्याजोगं उरतं दोनच: एकतर 'त' किंवा 'ता'.

'त' काढला तर राहतात क, म, र, ता. याच्या रचना म्हणून बघितल्या. 'करमता'पाशी जरा आशा वाटली, पण वाक्यात घालायला गेलं की ते अपुरंच राहतं. 'ता' काढला तर राहतात क, म, त, र. आणि इथे मात्र पेटारा उघडला. 'करमत', म्हणजे तुमच्याशिवाय करमत नाही. 'कमतर', म्हणजे कमी प्रतीचं.

"कमतर आणि खाली कमतरता. झालं की!" सासरेबुवा थेट बाहेरच्या खोलीत आले.

नाही झालं. एक तर रत्नाला कमतर कोण म्हणेल? दुसरं म्हणजे कमतरच्या मागे 'ता' चिकटवून कमतरता करणं ही त्यांच्या 'च'चीच थोरली बहीण. जुनी अक्षरं त्याच क्रमाने उभी राहिली तर पिरॅमिड कसला? तिथे आपण फक्त प्रत्यय लावला. चांगल्या पिरॅमिडमध्ये असा शेपूट जोडलेला शब्द सापडला की संशय घ्यावा, कारण कोडं घालणारा तेवढी लाज बाळगून असतो.

क, म, त, र. मी अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहिली. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून वाचायची सवय सोडत नाही आणि 'कमतर' पुसलाच जात नाही. गोलात कुठूनही सुरुवात करता येते. म पासून सुरू केलं. मकतर. मतरक. मरतक. मरकत.

मरकत! म्हणजे पाचू! बोटांवर चौथ्या नंबरला मोजून सोडून दिलेला पाचूच नाव बदलून बसला होता.

वर रकम, खाली कमतरता, मध्ये मरकत, प्रत्येक ठिकाणी क्रम मोडलेला. मी पेनने लिहिलं. तिसऱ्या ओळीत 'रकम'ऐवजी 'मकर' किंवा 'कमर' लिहिलं असतं तरी खालचं काही बिघडलं नसतं, हेही तेव्हा लक्षात आलं. अक्षरं तीच असली की खालच्या ओळीला शब्दाशी घेणं नसतं. बिघडतं ते एक अक्षर चुकीचं घुसलं तर, आणि ते तिथल्या तिथे कळत नाही, दोन ओळी खाली गेल्यावर कशातूनच काही होईना झालं की कळतं.

या विजयानंतर मी घरच्यांसाठी स्वतः एक पिरॅमिड घालायचं जाहीर केलं. घालायचा तो खालून. आधी काना-मात्रा कमीत कमी असलेला पाच अक्षरी शब्द शोधायचा आणि एकेक अक्षर काढत वर चढायचं. पहिल्यांदा 'समरसता' घेतली. वर समरस, समर, आणि मुलीने तिथेच थांबवलं, कारण समरपासून खाली नुसतं शेपूट वाढत होतं. मग 'सरपटत' सापडला, 'साप असा जातो'. त्यातून एक 'त' काढून अक्षरं फिरवली की 'पसरट', हिंट 'खोल नसलेले'. 'ट' काढला की 'परस', घरामागची मोकळी जागा. 'प' काढला की 'सर', शिकवणारे. शेंड्यावर 'र'. कुठेही नुसतं शेपूट नाही. मी स्वच्छ अक्षरात चौकोन आखले आणि बायकोच्या हातात कागद दिला.

सर आणि परस तिने भराभर लिहिले. चौथ्या ओळीवर थांबली.

"खोल नसलेले म्हणजे उथळ."

"चार अक्षरं हवीत. आणि प, र, स आत पाहिजेत."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग आतल्या खोलीच्या दाराकडे.

"बाबा!" तिने हाक मारली. "उथळला च लावू का?"